‘छान’ न म्हटलेली ओळ

टायपिस्टमावशींना वाचता येत नाही असं अक्षर अजून जन्माला यायचं होतं. एकतीस वर्षं त्यांनी सोनोग्राफीच्या केंद्रात रिपोर्ट टाइप केले. आत अंधाऱ्या खोलीत डॉक्टर आकडे बोलायचे, बाहेर मावशींची बोटं नाचायची. पुढे यंत्रच स्वतःचा रिपोर्ट छापायला लागलं आणि मावशींचा पडदा पडला. निरोपाच्या दिवशी हातात एक घड्याळ आलं आणि म्हाताऱ्या डॉक्टरांचं एक वाक्य: “बाई, अक्षरं तुमची, अर्थ आमचा. एवढं सांभाळलंत म्हणून एकतीस वर्षं टिकलात.”

पण प्रेक्षक सुटले तरी खेळाची खुमखुमी सुटत नाही. आसपासच्या इमारतींतल्या पोटुशा बायका मावशींना फोनवर रिपोर्टचे फोटो पाठवायच्या. कुठे कागदावर ट्यूबलाइटची चमक, कुठे नेमक्या आकड्यावर अंगठा. “अंगठा काढ गं, बाळाच्या मांडीवर बसलाय तो!” असं मावशी ओरडायच्या आणि पलीकडून हसू यायचं. मग एकेक ओळ उलगडायची. बीपीडी म्हणजे बाळाच्या डोक्याची या कानापासून त्या कानापर्यंतची रुंदी. एचसी, डोक्याचा घेर. एसी, पोटाचा घेर. एफएल, मांडीच्या हाडाची लांबी. प्रत्येक ओळीनंतर त्या म्हणायच्या, “हं, छान.”

हे ‘छान’ कधी चिकटलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ऐकणारीला धीर यायचा आणि मावशींनाही गोड वाटायचं. एकतीस वर्षांत टाळी कधी मिळाली नव्हती, ती आता मिळत होती.

शिवणवालीचा फोटो सोमवारी आला. मावशींच्याच जिन्यात खाली तिचं मशीन होतं. पहिलटकरीण. मावशींनी चष्मा लावला आणि फोन लावला.

“एलएमपी, म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख. त्यावरून बत्तीस आठवडे पुरे. ईडीडी, प्रसूतीची अंदाजे तारीख. सिफॅलिक म्हणजे डोकं खाली आहे. बीपीडी आठ पूर्णांक शून्य सेंटिमीटर, कंसात बत्तीस आठवडे. म्हणजे सरासरीने हे माप त्या वयाला दिसतं, एवढंच. छान. एचसी एकोणतीस पूर्णांक पाच. छान. एसी सव्वीस पूर्णांक दोन, कंसात...”

कंसात तीस आठवडे दोन दिवस होतं. बाकीच्या ओळींपेक्षा वेगळं. मावशींची जीभ क्षणभर टाळूला लागली. मग त्यांनी आकडा वाचला आणि घाईघाईने पुढे गेल्या. “एफएल सहा पूर्णांक दोन. छान. एएफआय तेरा, गर्भजल चार ठिकाणी मोजून केलेली बेरीज. छान. ईएफडब्ल्यू, अंदाजे वजन, सतराशे पस्तीस ग्रॅम, पुढे अधिक-उणे दोनशे साठ, कारण तो अंदाज आहे. झालं बघ.”

“बरं, मावशी,” शिवणवाली म्हणाली. तिचा आवाज आधीपेक्षा खाली गेला होता. मावशींनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

बुधवारी दुपारी शिवणवालीची सासू दारात उभी. हातात मावशींनी शिवायला दिलेले उशांचे अभ्रे, एकाची एक बाजू अजून शिवायची राहिलेली.

“घ्या तुमचं कापड. सून मशीनला हात लावत नाही. दोन दिवस टेप घेऊन बसलीय.”

“कसली टेप?”

“मापाची! सव्वीस सेंटिमीटरचं वेटोळं करते, बघते, परत करते. जेवण अर्धं टाकते. विचारलं तर म्हणते, मावशींनी सगळ्याला छान म्हटलं, पोटाला नाही म्हटलं. काय आहे हो तिथे? आम्हालाही सांगा, की तुम्हालाच ठाऊक असायला हवं?”

 मावशींनी अभ्रे घेतले, परत दिले, पुन्हा घेतले. मग चपलाही उलट्या घालून त्या जिना उतरल्या, मागोमाग सासूही.

शिवणवाली मशीनवर कोपर टेकून बसली होती. समोर टेपचं वेटोळं, चहाच्या बशीपेक्षा लहान. शेजारी चार गिऱ्हाइकांचे कपडे कातरीची वाट बघत होते.

“मावशी, मी जन्मभर घेर मोजतेय,” ती म्हणाली. “माणसाच्या गप्पांवर नाही, मापावर माझा विश्वास. पण हे माप मला कळत नाही. तुम्हाला कळलं म्हणून तुम्ही गप्प झालात ना?”

“अगं, फोटोला तिथे घडी होती,” मावशींच्या तोंडून पटकन निघालं. “नीट दिसेना.”

शिवणवालीचे खांदे खाली आले. तिने डोळे पुसले, हसलीसुद्धा. “एवढंच होय! आई, ऐकलंत का? घडी होती!”

मावशींना त्या हसण्याने चटका बसला. सोमवारी न म्हटलेलं ‘छान’ त्यांनी आत्ता म्हणून टाकलं होतं, तेही खोटं. आता ही पोर निर्धास्त होईल आणि डॉक्टरांना विचारायचंही विसरेल.

“घडी नव्हती,” त्या म्हणाल्या.  “खोटं बोलले मी. कंसातला आकडा बाकीच्यांहून वेगळा दिसला आणि जीभ अडली. पण पोरी, त्याचा अर्थ मला माहीत नाही. बरा का वाईट, काहीच नाही. आणि ऐक, डोक्याला, मांडीला, पाण्याला छान म्हटलं ना, तेही मला माहीत नव्हतं. मी टायपिस्ट. कुणाच्या आकड्याला छान म्हणायचा अधिकार मला कुणी दिला?”

सासू म्हणाली, “मग म्हणत कशाला होतात?”

“गोड वाटायचं म्हणून,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांना आपलीच लाज वाटली.

 शिवणवालीने टेप गुंडाळली. “डॉक्टरांची वेळ पुढच्या सोमवारची आहे.”

“तोवर कुढत बसू नकोस. आत्ताच फोन कर. रिपोर्टबद्दल विचारायचंय म्हण.”

पाचची वेळ मिळाली. मावशींनी कपड्यांची मापं लिहायच्या वहीत ओळी नीट उतरवून दिल्या, पूर्ण शब्दांत, शेरा नाही. खाली शिवणवालीने स्वतःच्या हाताने लिहिलं: पोटाच्या घेराचा कंस वेगळा का? मला काय करायचं आहे?

मावशी दवाखान्यापर्यंत गेल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. आत जाणं त्यांना शोभलं नसतं. पंचवीस मिनिटांनी शिवणवाली बाहेर आली. चेहरा दमलेला, पण जाग्यावर आलेला.

“कागदावर काढून समजावलं त्यांनी. दोन आठवड्यांनी परत मोजणार.”

मावशींच्या ओठांवर “म्हणजे काय म्हणाले?” येऊन उभं राहिलं. त्यांनी ते गिळलं. “चल,” त्या म्हणाल्या, “रिक्षा बघू.”

दोन आठवड्यांनी नवा फोटो आला. सरळ, लख्ख, अंगठ्याविना. मावशींनी वाचला. बीपीडी, एचसी, एसी. प्रत्येक ओळीनंतर तेवढाच विराम, ना कमी ना जास्त, जणू तालमीतच मोजून ठेवलेला. अधूनमधून जीभ सवयीने वळवळली, त्यांनी ती दातांखाली धरली.

“मावशी,” पलीकडून शिवणवाली म्हणाली, “ओकंबोकं वाटतंय हो. एकदा तरी म्हणा ना.”

“नाही म्हणणार.”

“कधीच नाही?”

“बाळ घेऊन ये दारात. तेव्हा म्हणेन, पोट भरून म्हणेन. कागदाला नाही.”

पलीकडे मशीन सुरू झालं. मावशींनी चष्मा काढला, आणि कपाटातून ते अर्धे शिवलेले अभ्रे काढून परत खाली द्यायला निघाल्या. एवढं मात्र त्यांना सुचेना, की मागच्या सगळ्या बायकांना, ज्यांना त्या इतकी वर्षं ओळीओळीला छान म्हणत आल्या, आता कुठून कुठून शोधून काढून हे खरं सांगायचं.