ब्लाउज कटिंग शिक्षा

आमच्या ऑनलाइन कोर्सच्या नवव्या पाठात बाबांनी आईला मारल्याचा आवाज होता. मुंढ्याचा गोल पाठीपेक्षा पुढच्या भागाला जरा खोल काढायचा, एवढं आई सांगते आणि फाडकन आवाज येतो. कात्री फरशीवर पडते. बाबा ओरडतात, "बंद कर हा तमाशा! घराला टॉकीज बनवून टाकलं!" मग आईचा श्वास, आणि तिचं ठरलेलं वाक्य: "कुछ नहीं, पुढे बघा."

बाबा मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. त्याआधीही ते चिडके होते, पण मिलचा भोंगा थांबल्यावर त्यांचा दिवस सकाळपासूनच आम्हाला वाहिलेला असायचा. भाजीत मीठ कमी, मार. गिऱ्हाईक दारात जास्त वेळ बोललं, मार. एकदा त्यांनी आईचं बोट शिलाई मशीनच्या चाकात दाबून धरलं होतं. साच्यांच्या खडखडाटानं ते बहिरे झालेत म्हणून ओरडतात, असं आई शेजारी सांगायची. कान बहिरे असतील, हाताला काय झालं होतं?

मी नोकरीला लागले, लग्न होऊन इंदुरातच तुकोगंजकडे राहायला गेले, तरी आई तिथंच. "माझ्याकडे चल," म्हटलं की म्हणायची, "जमाईजींच्या घरी नाही. माझी खोली असेल तर निघते." छत्रीबागेत एक खोली बघून ठेवली होती. भाडं माझ्याकडून घ्यायला ती तयार नव्हती. म्हणून कोर्सचं मीच डोक्यात घेतलं. एकदा शूटिंग करायचं आणि मग झोपेत पैसे येत राहतात, असं इंटरनेटवर सगळेच सांगत होते.

झोप कसली! तीन महिन्यांचे सगळे रविवार गेले. दहा मिनिटांच्या पाठाला दोन तास एडिटिंग, त्यात निम्मा वेळ बाबांचा आवाज कापण्यात. दिवा आणि स्टँड आणला, तो त्यांनी दुसऱ्याच रविवारी लाथेनं मोडला. स्टँडची नळी आईच्या गुडघ्याला लागली, तर ती बसून शिकवायला लागली. वर ॲपची वर्षाची फी आणि जाहिरातीचा खर्च. पाचशे रुपयांचा कोर्स पहिल्या महिन्यात चाळीसेक जणींनी घेतला, त्यातल्या निम्म्या ओळखीच्या. खर्च जाऊन हातात बाराएक हजार. दुसऱ्या महिन्यात सात जणी. त्यानंतर आठवड्याला एखादी, आणि तिच्याही शंकांना व्हॉट्सॲपवर आईनंच उत्तरं द्यायची. तेवढ्या तासांत साड्यांना फॉल लावले असते तर जास्त मिळाले असते. माझा संताप संताप झाला.

त्यात नाव. कोर्सला मी 'ब्लाउज कटिंग शिक्षा' म्हटलं होतं. आमच्या इंदुरी कानाला त्यात काही खटकलं नाही. इथं शिक्षा म्हणजे शिकवणी. आणि नववा पाठ चुकून न कापताच चढला. साताऱ्याच्या एका बाईनं खाली लिहिलं, "कोर्सचं नाव वाचून हसले होते. आता विचारते, शिक्षा कुणाला आहे? आम्हाला की ताईंना?"

मी पाठ काढून टाकायला गेले. आई म्हणाली, "थांब. मला ऐकव."

एवढी वर्षं तिनं मार खाल्ला होता, पण ऐकला नव्हता. तिनं तो आवाज दोनदा ऐकला. मार ऐकताना तिचा चेहरा हलला नाही. "कुछ नहीं, पुढे बघा," हे आलं तेव्हा मात्र ती म्हणाली, "ही बाई कोण आहे गं? एवढी निर्लज्ज?" मला रडू फुटलं.

"कोर्सचे किती येतील महिन्याला? खरं सांग."

"खोलीचं निम्मं भाडंसुद्धा नाही."

"बाकीचं सिलाईतून काढते," ती म्हणाली. बाबा इथल्या लालबागच्या मैदानाकडे गेले होते, तेवढ्यात आम्ही मशीन रिक्षात घातली. ते वाटेत भेटलेच. त्यांनी रिक्षाचा पडदा फाडला, माझ्या हाताला चावले. आईनं कात्री उगारली. मारली नाही, पण खाली पण घेतली नाही. बाबांनी पडदा सोडला.

छत्रीबागेत नववा पाठ पुन्हा शूट केला. दार बंद, शांतता, आईचा आवाज मोकळा. मुंढ्याचा गोल पुढे जरा खोल काढायचा, ती सांगत होती, तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातून परात पडली. आईचे दोन्ही हात झटकन चेहऱ्यापुढे आले आणि मान खांद्यांत गेली.

मग बोटांच्या फटीतून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढं कापून टाक."