एका पंपाला किती झाकणं

आमचं खत-औषधांचं दुकान बालाघाटात वडिलांच्या काळापासून आहे. आता ते मी आणि माझा धाकटा भाऊ चालवतो. वेबसाइट काढायची हौस त्याची. तिच्यावर प्रश्नांना उत्तरं देणारा चॅटबॉट बसवायचं कामही त्यानेच काढलं आणि माझ्या गळ्यात टाकलं. कोडिंग लागत नाही, नुसते चौकोन ओढून जोडायचे, असं म्हणाला. मला ते जमलं. जमणार नाही असं वाटणाऱ्यांपैकी मी नाहीच.

पहिल्या चौकोनात नमस्कार, खाली तीन बटणं: दुकान कुठे आहे, वेळ काय, काय काय मिळतं. मग दुकानाची माहिती आणि औषधांसोबत येणारी हिंदी माहितीपत्रकं चढवली. बाजूच्या खिडकीत प्रश्न टाकून पाहिले. रविवारी दुकान उघडं असतं का, फवारणीचा पंप दुरुस्त होतो का, भरवेलीकडून यायचं तर कुठे वळायचं, सगळ्याची उत्तरं चोख. कुणी अर्धं हिंदी, अर्धं मराठी लिहिलं तरी त्याला कळायचं. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू.

पण बियाणं शिल्लक आहे का, असं विचारलं की तो बेधडक हो म्हणायचा. मी चढवलेली यादी त्या दिवशीची, आणि गोदामात काय उरलं हे त्याला कुणी सांगतच नव्हतं. तेव्हाच मला त्याची वेस कळली. लिहिलेलं असेल तेवढंच त्याला ठाऊक, आणि आमचा धंदा तर न लिहिलेल्यावर चालतो.

आमच्याकडे माहितीपत्रकातला मिलिलिटर कुणी विचारत नाही. विचारतात, एका पंपाला किती झाकणं? झाकणं कंपनीगणिक वेगळी, बाटलीगणिक लहानमोठी. शिवाय एकराला कुणी आठ पंप मारतो, कुणी बारा. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी विचारते, तुझ्या एकराले किती पंप लागतात? मग त्याच्याच बाटलीचं झाकण पाण्याने मापते आणि बाहेरून नेलपॉलिशची रेघ ओढून देते. लाल रेघेपर्यंत भर, बस. लांजीपासून परसवाड्यापर्यंत माझ्या रेघा फिरतात, आणि त्याचा मला गर्व आहे.

त्यामुळे बॉटला मी ताकीद देऊन ठेवली होती. मात्रा, झाकण, पंप यांतलं काही विचारलं की उत्तर द्यायचं नाही, दुकानात फोन करायला सांगायचं. चढवलेल्या कागदांबाहेरचं काही बोलायचं नाही, ही कळही दाबून ठेवली होती.

भावाला ते पटेना. येणारा माणूस माहीत नाही ऐकून परत जातो, म्हणायचा. प्रश्न विचारण्याआधी फोन नंबर लिहा, ही मी घातलेली चौकटही त्याला खटकत होती. मी मावशीच्या घरी लग्नाला गेले आणि त्याने दोन्ही काढून टाकलं. माझी ताकीद पुसली, नंबरची चौकट उडवली, आणि कागदात नसेल तर स्वतःच्या समजुतीने उत्तर दे, ही कळ चालू केली. मला सांगितलंही नाही.

परत आल्यावर दुपारी मी बॉटशी झालेल्या बोलण्यांची नोंद उघडली. सकाळीच एका बाईने विचारलं होतं. धानात तण मारायची दवाई आणली आहे, एका पंपाले किती झाकन टाकू? गाव लांजीकडचं लिहिलं होतं, स्वतःचं नाव नाही. बॉटने कुठलंसं लहान झाकण धरून हिशेब केला आणि सांगितलं, चार. वर शुभेच्छाही दिल्या. तिने लिहिलं होतं, ठीक आहे, ऊन कमी झालं की मारते.

धानातल्या तणाची आमच्याकडे एकच बाटली खपते, ती मी ओळखत होते. यंदा कंपनीने तिचं झाकण मोठं केलं होतं. त्या झाकणाने चार म्हणजे चौपट. तणाबरोबर तिची सगळी बांधी, म्हणजे धानाचं शेत, पिवळी पडली असती, आणि रोवणी पुन्हा करायला ना वेळ होता ना रोप. मला संताप आला.

मी लगेच बॉटच्या खिडकीतून स्वतः लिहिलं, फवारू नका. पण ती पान बंद करून गेली होती. पुन्हा उघडेल तेव्हाच माझं लिहिलेलं तिला दिसणार. फोन नंबर नाही, कारण चौकटच नाही. भावाकडे पाहिलं तर तो खाली मान घालून मोबाईल चाळत होता.

एकच रस्ता उरला होता. आमच्या गिऱ्हाइकांचा मोबाईलवर ग्रुप आहे, लांजीकडचे बरेच जण त्यात आहेत. मी म्हटलं, तिथे माझ्या आवाजात निरोप टाकते की आमच्या मशीनने चुकीचं सांगितलं. भावाने माझा हातच धरला. म्हणाला, फक्त सगळ्यांनी काळजीपूर्वक फवारा असं मोघम टाक, मशीनचं नाव काढू नको.

"ताई, अख्खं बालाघाट हासन आपल्यावर. समोरचा दुकानवाला तर पेढे वाटन."

"वाटू दे," मी म्हटलं. "मोघम कोनी वाचत नाही. तिची बांधी जळन, तवा तू जाशीन का तिच्या दारात?"

मी हात सोडवला आणि बोलले. लपवाछपवी केली नाही. आज सकाळी आमच्या वेबसाइटवर एका बाईने झाकणं विचारली, तिला चार सांगितलं, ते साफ चूक आहे, कुणीही पंप पाठीवर घेऊ नका, आधी मला फोन करा, गावातल्या बाया ग्रुपात नसतील तर त्यांच्या घरी जाऊन सांगा. दुकानाचं नाव घेऊन सांगितलं. घाबरून सांगितलं नाही.

हसणारे हसले. दोन-तीन टवाळ निरोप आलेच. एकाने तर विचारलं, आता मशीनच काउंटरवर बसते का? मी फोन हातातच धरून बसले. भाऊ गिऱ्हाइकं सांभाळत होता, पण प्रत्येक वेळी रिंग वाजली की त्याचा हात थांबायचा.

ऊन कलल्यावर तिचा फोन आला. शेजारच्या मुलीने ग्रुपातला माझा आवाज ऐकवला होता. बाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच होती. पहिला पंप भरून झाला होता, पट्टे खांद्यावर चढवायचे तेवढे बाकी होते. मी तिला पंप खाली ठेवायला लावला, हातमोजे घालायला लावले, झाकण कॅमेऱ्यावर दाखवायला लावलं. एकराले किती पंप लागतात तेही विचारलं. मग त्या एका पंपाचं द्रावण सारखं वाटून, पाणी वाढवून, चार पंप कसे करायचे ते सांगितलं.

सगळं झाल्यावर मी विचारलं, दुकानात फोन काहून नाही केला, मशीनले काहून विचारलं?

"मले का मालूम बाई, मशीन हाय मनून," ती म्हणाली. "वर तुमच्या दुकानाचं नाव होतं. मले वाटलं, तूच बोलून राह्यली."

स्पीकर चालू होता. भावाने ते ऐकलं. त्याने पुढ्यातलं गिऱ्हाईक तसंच सोडलं, लॅपटॉप उघडला, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच्या समजुतीने उत्तर द्यायची ती कळ स्वतःच बंद केली.