गोळ्यांचं बाळसं

सांधेवातासाठी माझी धाकटी जाऊ कित्येक महिने प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घेत होती. त्यानं तिचा चेहरा गोल झाला, तर सासूबाई म्हणाल्या, “धाकलीला सासर लई मानवलं!” ऊसतोडीत वाळलेल्या मला कुणी असं कधी म्हणालं नव्हतं. मी जळले.

तिला म्हणाले, “सूज हाय ती, बाई. फेक ती गोळ्यांची पट्टी.”

तिनं फेकली. आठवड्याच्या आत उलट्या सुरू झाल्या आणि चुलीपासून उठताना ती कोसळली.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन, सलाईन दिलं. म्हणाले, “या गोळ्यांनी शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं सोडतं. त्या हळूहळूच कमी करायच्या. कुणी बंद करायला सांगितल्या?”

ती म्हणाली, “माझ्याच मनानं केल्या.”

सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला त्याचाही हेवा वाटला.