लाईट गेली ती वेळ

माझा स्वभाव उतावळा. चुलीवर ठेवलेलं दूध मी तीनदा उघडून बघते, आणि ते उतू जातं ते नेमकं मी पाठ फिरवल्यावर. या उतावळेपणापायी माझ्या हातून काय होणार होतं आणि ते कसं टळलं, ते सांगते.

मी औंढ्याच्या शाळेत पाचवीला शिकवते. वरच्या ठाकरवाडीतल्या सहा मुली माझ्या वर्गात आहेत. त्यांची शिष्यवृत्तीची परीक्षा दोन आठवड्यांवर आली आणि मी ओट्यावरून घसरून पाय मोडून घेतला. बाकी सगळं शिकवून झालं होतं, राहिलं होतं ते आरशातलं घड्याळ. आरशात काटे दिसतात त्यावरून खरी वेळ ओळखायची. फोनवर तोंडी सांगून हे कुणालाही कळत नाही. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून, घड्याळ आणि आरसा समोर घेऊन, मी वीस मिनिटांचा धडा फोनवर चित्रित केला. फोनची सेटिंग सर्वात वरच्या दर्जाची, फोर-के होती. मुलींना स्वच्छ दिसावं एवढाच माझा विचार. फाईल एवढी मोठी झाली की साधी मेसेजवर जाईना.

मग ती कॉम्प्युटरवर घेऊन माझ्या चॅनेलवर चढवायला घेतली. लिंक चढवतानाच मिळते. ती मी वरच्या वाडीतल्या हिराबाईला पाठवली. वाडीत चालता फोन तिचाच, आणि रेंज येते ती एका कातळावर. पाच वाजता ती मुलींना तिथं नेणार होती. दुपारी एकला अपलोड शंभर टक्के झालं आणि डॅशबोर्डवर अक्षरं उमटली: प्रक्रिया सुरू आहे, शून्य टक्के.

दोन वाजले तरी शून्यच. मी पान ताजं करत राहिले. देवीचं नाव घ्यायचे आणि बटण दाबायचे, जप कशाचा चाललाय ते मलाच कळेना. तीनच्या सुमारास धीर सुटला. हे अडकलंय, काढून टाकावं आणि नव्यानं चढवावं, असं डोक्यात घेतलं. हटवण्याच्या चौकटीत ‘हे कायमचं आहे हे मला समजतं’ यावर खूणही केली. शेवटच्या बटणाकडे बाण नेला आणि लाईट गेली.

मला रडू कोसळलं. कुबड्या घेऊन मी शेजारच्या गावदेवीच्या देवळात गेले आणि तिला नाही नाही ते बोलले. एवढंसं मागितलं, तेही तुला देववेना, असंही म्हटलं.

देवळात एका साखरपुड्याची मंडळी होती. लोणावळ्याहून आलेला त्यांचा शूटिंगवाला खांबाशी कॅमेरा पुसत बसला होता. माझा चेहरा बघून त्यानं काय झालं विचारलं. मी सांगितलं तसा म्हणाला, “अपलोड शंभर टक्के झालं होतं ना? मग तुमची लाईट गेल्यानं काही अडत नाही. फाईल त्यांच्याकडे पोचली, पुढचं काम तिकडच्या मशीनवर चालतं. तुम्ही रिफ्रेश केलं काय, न केलं काय. फोर-केला वेळ लागतो, एवढंच.”

“मी ते काढूनच टाकणार होते,” मी म्हटलं.

“मग पुन्हा पहिल्यापासून चढवावं लागलं असतं. आणि लिंकही नवी. जुनी पाठवलेली मेली असती.”

त्यानं माझ्याच फोनवर लिंक उघडून दिली. व्हिडिओ चालू झाला. चित्र अंधुक होतं, पण काटे दिसत होते. आधी कमी दर्जाची आवृत्ती तयार होते, वरचे दर्जे मागून येतात, असं त्यानं समजावलं. तेवढ्यात त्याला हाक आली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

नव्यानं चढवायला तीन तास लागले असते. पाच वाजता कातळावर मुलींना काहीच दिसलं नसतं.

संध्याकाळी हिराबाईचा फोन आला. “बाई, चित्र लय धुरकट हाय, पन पोरींना समदं उमगलं. आता माझ्या हातातलं घड्याळ आरशात धरून मलाच येळ इचारत्यात. मला येक बी येईना.” बोलता बोलता ती हसायला लागली.

मी फोन ठेवला आणि पुन्हा देवळात गेले. यावेळी हात जोडले. माणसानं आपल्याकडचं पोचवावं आणि हात काढून घ्यावा, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल, पण जमलं कधीच नव्हतं. ज्या घडीसाठी मी देवीला बोल लावत होते, त्याच घडीला तिनं माझा हात धरला होता.