थेंब गार होता म्हणून

सांगलीत विश्रामबागेच्या आसपास मी गेली वीस वर्षं नळ दुरुस्त करतोय, आणि माझ्याच घरातला नळ गळत होता. हे मी कुणाला सांगितलं नसतं. पण सासरे राहायला आले आणि लपवायची सोयच राहिली नाही.

सासूबाई गेल्यापासून ते दुष्काळी माण तालुक्यात, गावी एकटेच होते. बायकोने दोन महिने विनवण्या करून त्यांना आणलं. आल्या दिवशी त्यांनी वॉश-बेसिनवर हात धुतले, नळ बंद केला आणि तिथेच उभे राहिले. टप. थोड्या वेळाने पुन्हा टप. मग त्यांनी दोन्ही हातांनी नळाची मूठ अशी आवळली की तो गार-गरमचा मिक्सर करकरला.

"आवं मामा, तो आवळायचा नळ नव्हे," मी म्हणालो.

गावाकडच्या नळात रबरी वायसर असतो. जितकं आवळाल तितका तो दाबला जातो, आणि झिजला की जुन्या चपलेतून नवा कापायचा. या मिक्सरमध्ये रबर दाबून पाणी अडवत नाहीत. प्रत्येक मुठीखाली एक कार्ट्रिज, त्यात चिनीमातीच्या दोन गुळगुळीत चकत्या. पाव फेरा फिरवला की भोकं समोरासमोर येतात, उलट फिरवला की बंद. जोर लावून काहीच होत नाही, झालंच तर मोडतं. हे मी त्यांना शिकवल्यासारखं सांगितलं, हेही कबूल करतो.

ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एवढं भारी हाय तर गळतंय का?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांची पिशवी भरून दाराशी आली. थेंबाखाली ठेवलेला तांब्या दिवसात दोनदा भरत होता, आणि प्रत्येक वेळी ते तो नेऊन तुळशीला ओतत होते. "जावईबापू, माझ्यानं ह्ये बघवत न्हाई. उद्या गावाकडं जातो." बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि मला स्वतःचाच राग आला. गिऱ्हाइकांचे नळ करता करता घरचा राहून गेला होता.

लगेच हत्यारं काढली. थेंबाला बोट लावलं. गार. "गार बाजूचं कार्ट्रिज गेलंय," मी डॉक्टरसारखं जाहीर केलं, ते बदललं, मूठ बसवली, आणि तिघंही बघत राहिलो.

टप.

सासरे स्टूल घेऊन समोर बसले. सांगायचं राहिलं, त्यांनी गावच्या पाणीयोजनेचे व्हॉल्व्ह चालवण्यात उभा जन्म घालवला होता. कुठल्या वाडीला कधी पाणी सोडायचं आणि पाइप कुठे फुटलाय, हे सगळा गाव त्यांना विचारायचा. मी मात्र त्यांना चपलेचे वायसर कापणारा म्हातारा समजून बसलो होतो.

"बेसिनखाली कॉक किती हायत?"

"दोन. गारचा आन् गरमचा."

"मग एकेक बंद करून बघाय नगो? थेंबाला काय इचारता?"

त्यांचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून बेसिनखाली मी घुसलो. गारचा कॉक बंद केला. टप. "थांबा जरा," वरून आवाज आला, "तोटीत ऱ्हायलंय ते संपू द्या." पाच मिनिटं मी गुडघ्यांवर. टप चालूच. गारचा उघडून गरमचा बंद केला. आणखी थोडे थेंब पडले, मग गप्प झालं.

गळत होती गरम बाजू. थेंब इतका सावकाश येत होता की गिझरचं पाणी पाइपमध्येच निवून जात होतं. हे मला कळायला हवं होतं. गरमचं कार्ट्रिज उघडलं तर चकतीवर ओरखडा, आणि त्यात गिझरच्या क्षाराचा पांढरा कण. आमच्याकडे बोअरचं पाणी.

मी नवं कार्ट्रिज उचललं. "आदी पाणी सोडा," सासरे म्हणाले, "कचरा जाऊ द्या, न्हाईतर नव्यालाबी तेच." गिझर बंद करून, फडकं धरून कॉक जरासा उघडला. पांढरे कण बाहेर आले आणि उरलेलं पाणी माझ्या सदऱ्यावर. सासरे पहिल्यांदा हसले.

नवं कार्ट्रिज बसलं. संध्याकाळपर्यंत तांब्या कोरडा राहिला. त्यांनी दोन बोटांनी मूठ फिरवून बघितली, उघड-बंद, उघड-बंद.

सकाळी उठलो तर सासरे दाराशी, पिशवी काखेत. "निघालात व्हय मामा?"

त्यांनी पिशवी उघडून दाखवली. कपडे परत कपाटात ठेवले होते. आत माझाच पाना आणि त्यांचा तांब्या होता.

"व्हय. तुमच्या गिऱ्हाइकाकडं," ते म्हणाले. "चला लवकर. तुमी थेंबाला हात लावाय लागला की अडवाय मी हाय."