वहिनींची साक्ष

हॉटेलच्या लॉन्ड्रीत सगळे तिला वहिनीच म्हणत. बरोबर काम करणाऱ्या नणंदेशी ती मराठी बोलायची, मशीनवरच्या बाकीच्यांशी हिंदी, आणि इतक्या वर्षांत दोन्हींची अशी मिसळ झाली होती की कुठली कुठे संपते हे तिलाही सांगता आलं नसतं. कुणी हसलं तर म्हणायची, समजलं ना, मग झालं तर.

चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवर तिचा उजवा हात भाजला, आणि अपघाताच्या चौकशीला बाहेरून एक साहेब आला. त्याला ना मराठी येत होती, ना हिंदी. मॅनेजरला त्याची भाषा येत होती, पण मॅनेजरचं भाषांतर चौकशीत चाललं नसतं, म्हणून त्याने भाषांतराचं अॅप लावून स्वतःचा फोन पुढे केला. भाषेच्या जागी हिंदी लावलेली होती. बोला, हा लगेच साहेबांच्या भाषेत सांगतो, तो म्हणाला. चूक तिची ठरली तर नोकरी जाणार होती.

वहिनी नेहमीसारखी बोलली. "चादर फँस गई, तो मैंने हाथ डाला, कारण थांबवायची दांडी चालतच नव्हती, मॅनेजरसाहेबांना मी दोनदा सांगितलं होतं."

फोन साहेबाच्या भाषेत सफाईदार बोलला. साहेबाने मान हलवून काहीतरी विचारलं आणि फोनने ते हिंदीत ऐकवलं: चालू मशीन में हाथ क्यों डाला?

वहिनीला वाटलं आपण घाईत बोललो. मग तिने थांबत थांबत, तुकड्यातुकड्याने सांगितलं. फोन प्रत्येक थांब्याला वाक्य संपलं असं समजून तेवढंच भाषांतर करू लागला आणि होतं तेही विस्कटलं. साहेबाने पुन्हा तोच प्रश्न विचारला.

तेव्हा तिने बँडेजचा हात टेबलावर ठेवला आणि डाव्या हाताने फोन ओढून घेतला. तिचं पहिलं बोलणं पडद्यावर लिहिलेलं होतं. हिंदी भाग जसाच्या तसा. मराठीच्या जागी भलतेच चार हिंदी शब्द, ज्यांना शेंडा ना बुडखा. हात घालण्याचं कारण जिथे होतं नेमकं तिथेच भगदाड, आणि वर आवाज मात्र असा की जणू काही राहिलंच नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मॅनेजर म्हणाला, वहिनी, धड एका भाषेत बोला ना.

"का? हात भाजला तेव्हा मी दोन्ही भाषांत ओरडले. तुम्हाला बरोबर समजलं होतं."

मग तिने स्वतःच हिंदी काढून मराठी लावली आणि एकच वाक्य सलग म्हणाली, दांडी बिघडल्याचं मी मॅनेजरला आधीच दोनदा सांगितलं होतं. फोन बोलला. साहेबाने पेन खाली ठेवलं आणि सावकाश मॅनेजरकडे पाहिलं.

मॅनेजर एकदम उभा राहिला. असल्या फोनच्या भाषांतरावर कसा विश्वास ठेवायचा, दुभाष्या माणूसच बोलवायला हवा, असं तो साहेबाला सांगू लागला. दारात उभ्या नणंदेने हसू लपवायला तोंडावर पदर धरला.

वहिनीने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"बोलवा की. दोन्ही भाषा येणारा बोलवा. तोवर मी इथून हलत नाही."