‘सौदा’ म्हणायचं कुणी

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आमचा तिघांचा गट होता. विषय होता, मार्केट यार्डातले गुळाचे सौदे संगणकावर कसे नोंदवायचे. पाहणी शिरोळच्या मुलाकडे, रचना, म्हणजे माहितीचे तक्ते, कुरुंदवाडच्या मुलीकडे आणि प्रोग्रॅम चालवून दाखवायचं काम माझ्याकडे. सादरीकरणाच्या स्लाइडचा साचा मीच केला होता. मास्टर स्लाइडवर वर हिरवी पट्टी, खाली डाव्या कोपऱ्यात बोलणाऱ्याचं काम. तो एकदा केला की सगळ्या स्लाइडना लागू होतो, कुणी हात लावायचा नाही, असं मी बजावलं होतं. तरी शिरोळकरानं उडत येणारी अक्षरं आणि घंटेचा आवाज घालून फ्लॉपी आणलीच. मी भांडून सगळं काढून टाकलं.

“गूळ हाय, जरा गोड दिसू दे की,” तो म्हणाला.

खरी अडचण वेगळीच होती. कुरुंदवाडची मुलगी अडखळायची, तेही पहिल्याच शब्दाला. एकदा सुरू झाली की ठीक, पण तो पहिला शब्द घशातच अडकायचा. आदल्या वर्षी परीक्षकांसमोर ती नुसती उभी राहिली होती. गुण प्रत्येकाचे वेगळे असल्यामुळे तिच्या नावापुढे शून्य पडलं. यंदाही तेच झालं तर शिक्षण बंद आणि लग्न, असं तिच्या वडलांनी सांगून टाकलं होतं.

सरावाच्या वेळी आम्हाला कळलं, की कुणी बरोबर म्हटलं तर ती अडखळत नाही. मग आम्ही दोन भागांमधला सांधाच तसा बांधला. पाहणीचं शेवटचं वाक्य होतं, “यार्डात सगळं येऊन थांबतं ते एकाच गोष्टीवर, सौदा.” आणि रचनेचं पहिलं वाक्य, “सौदा हा आमच्या रचनेचा मधला तक्ता.” तो शब्द दोघांनी एकदमच म्हणायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, तिनं त्याच्या तोंडातून शब्द उचलला. शिरोळकर ‘सौ’ जरा लांबवायचा, त्या लांबीत ती चढून बसायची.

सादरीकरणाच्या दिवशी शिरोळचा रस्ता पुराच्या पाण्याखाली होता; आम्ही दोघी वसतिगृहात राहायचो म्हणून पोचलो. तो येणार नाही हे आम्हाला वर्गाच्या दारात कळलं. मी म्हटलं, “पाहणी मी सांगते. शब्दही मी देते.” पण माझ्याबरोबर तिनं तो कधी म्हटलाच नव्हता.

पाहणी मी नीट सांगितली. गुळाचे रवे म्हणजे ढेपा, अडते, बोली, सगळं. शेवटची स्लाइड आली, खाली ‘पुढे : रचना’ दिसलं आणि तेवढ्यात वीज गेली. पडदे ओढलेले, त्यामुळे खोलीत मिट्ट काळोख. मी “एकाच गोष्टीवर” इथपर्यंत आले आणि माझीच जीभ टाळ्याला चिकटली. राग आला मला स्वतःचा. शेजारी तिचा श्वास अडकलेला ऐकू येत होता.

मग कुणीतरी म्हणालं, “सौऽदा.”

दोन आवाज होते. एक तिचा. दुसरा पुरुषाचा, शिरोळच्या हेलाचा, आमच्या दोघींच्या मधून आलेला. ती मात्र थांबलीच नाही. अंधारात, एकही स्लाइड नसताना, तिनं सगळी रचना तोंडपाठ सांगितली.

वीज आली तेव्हा मधे कुणी नव्हतं. परीक्षकांनी गुण लिहिता लिहिता विचारलं, “तिसरा आला होता ना? मग बाहेर का गेला?”

ती पास झाली. जिन्यात मला मिठी मारून म्हणाली, “त्याचा आवाज किती हुबेहूब काढलास गं!”

पाणी उतरल्यावर तो आला. मी आडवळणानं विचारलं, त्या वेळी कुठं होतास?

“शाळेच्या गच्चीवर. सगळं गाव तिथंच व्हतं. आपली वेळ झाली असंल म्हणून शब्द म्हणून टाकला एकदा, मोठ्यानं. आय म्हणाली, पोराला ताप चढलाय.” तो हसला, मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. “का गं?”

“काही नाही,” मी म्हटलं.

ती आता उचगावात शिकवते. तो साखर कारखान्याच्या कचेरीत असतो, धडधाकट आहे. काही वर्षांनी मी तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले होते. ती फळ्यासमोर क्षणभर गप्प उभी राहिली. ते गप्प राहणं माझ्या ओळखीचं होतं. मग तिनं धड्याचं नाव घेतलं, आणि ते दोन आवाजांत आलं.

मी शेजारच्या मुलीकडे पाहिलं. ती खाली मान घालून लिहीत होती.

“हा दुसरा आवाज कुणाचा?” मी हळूच विचारलं.

“बाईंचं असंच असतंय,” ती म्हणाली. “पहिला शब्द तेवढा.”